लोकलमधला तासभर: परीक्षेच्या आखणीत ऑडिओ नोट्स आणि फ्लॅशकार्ड कशी बसवायची

एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेची तयारी सुरू केली तेव्हा मी बदलापूरला राहत होतो आणि नोकरी दादरला होती. स्टेशनवरून पुढे बस. जाऊन-येऊन तीन तास प्रवासात जायचे. एवढा वेळ वाया कसा घालवायचा, म्हणून पंचायत राजचं अख्खं प्रकरण मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड केलं. ४२ मिनिटांची फाइल झाली. ती मी जवळजवळ महिनाभर रोज ऐकली. पुढचं वाक्य कोणतं येणार हे तोंडपाठ झालं होतं, आपण कुठे अडखळलो होतो तेही. मग एका रविवारी सराव पेपरात प्रश्न आला: अकराव्या अनुसूचीत किती विषय आहेत? समोर १८ आणि २९ असे दोन्ही पर्याय होते. मी १८ वर खूण केली. बरोबर उत्तर २९ होतं. १८ विषय बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या. दोन्ही आकडे मी पंचवीसएक वेळा ऐकले होते, पण कोणीही मला ते एकदासुद्धा विचारले नव्हते.

सगळी गोष्ट इथेच अडते. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारे पुढे गेले. प्रवासात नुसतं ऐकत राहणं म्हणजे पुन्हा वाचणंच. म्हणून मी नियम केला की नवं शिकायचं ते घरी टेबलावर, आणि गाडीत फक्त आठवायचं. पुढचं सगळं या नियमावर उभं आहे.

मी उदाहरण गट ब (अराजपत्रित) संयुक्त पूर्व परीक्षेचं घेतो, कारण तीच मला जवळून माहीत आहे. १०० प्रश्न, १०० गुण, एक तास, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. सरासरी एका प्रश्नाला ३६ सेकंद मिळतात. गणित आणि बुद्धिमत्तेच्या प्रश्नांना त्याहून जास्त लागतात, तेव्हा राज्यघटना, इतिहास, भूगोल यांतल्या माहितीच्या प्रश्नांनी दहा-पंधरा सेकंदांत सुटायला हवं. पाच सेकंदांत उत्तर आठवण्याचा सराव नेमका इथे कामी येतो.

आधी आपला प्रवास मोजा

काहीही रेकॉर्ड करण्याआधी आठवडाभर फक्त नोंद ठेवा. किती वेळ बसून गेला, किती उभ्याने, आणि त्यातल्या किती वेळात एक हात मोकळा होता. मोबाइलच्या नोट्समध्ये रोज एक ओळ पुरते.

माझी नोंद अशी निघाली. सकाळी बदलापूरहून सुटणारी जलद गाडी पकडली तर बसायला मिळायचं. कर्जतहून भरून आलेली पकडावी लागली तर तिघांच्या बाकावरची चौथी सीटही नशिबाने. आठवड्याच्या पाच दिवसांत सरासरी तीन दिवस जागा. पण बसलो तरी घाटकोपर आलं की उठावं लागतं, नाहीतर दादरला दरवाजापर्यंत पोहोचता येत नाही. म्हणजे शेवटची दहा-बारा मिनिटं गेलीच. उतरल्यावर बसमध्ये वीस मिनिटं. संध्याकाळी दादरहून चढलं की डोंबिवली-कल्याणपर्यंत उभं, कल्याणनंतर गाडी रिकामी होते आणि शेवटची वीस मिनिटं बसायला मिळतं.

कागदावर तीन तास दिसत होते. त्यातून कामाचा वेळ निघाला तो साधारण २५ मिनिटं डोळ्यांचा आणि ४० मिनिटं कानांचा. आखणीत मी एवढाच धरला. उरलेला वेळ खिडकीसाठी, डुलकीसाठी, आईशी फोनवर बोलण्यासाठी. सुरुवातीला तीन तास धरून वेळापत्रक केलं होतं, ते तिसऱ्या दिवशी कोसळलं.

आता कशाला काय द्यायचं. बसायला मिळालं तर फ्लॅशकार्ड, म्हणजे समोर प्रश्न आणि मागे उत्तर असलेलं कार्ड. उभं असताना गर्दीत मोबाइल डोळ्यांसमोर धरता येत नाही, तिथे कान. बसमध्ये, बसायला मिळालं तरी, कानच. चालत्या बसमध्ये खाली बघून वाचलं की अनेकांना मळमळतं, कारण डोळ्यांना अक्षरं स्थिर दिसतात आणि आतल्या कानाला हेलकावे जाणवत असतात. एसटीने तालुक्याला ये-जा करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तुमचा प्रवास पूर्ण एसटीचा असेल तर कार्डांची वेळ थांब्यावर गाडीची वाट बघताना ठेवा, आणि गाडीत शिरलं की फक्त ऑडिओ.

ऑडिओ नोट: प्रश्न, थांबणं, उत्तर

एक ऑडिओ आठ मिनिटांचा करा. त्यात वीस प्रश्न बसतात. प्रत्येक प्रश्नाचा साचा एकच: प्रश्न, पाच सेकंद शांतता, उत्तर, आणि एका वाक्यात कारण किंवा जोडी. पंचायत राजच्या ऑडिओतला एक तुकडा लिहून दाखवतो:

«अकरावी अनुसूची कोणत्या घटनादुरुस्तीने आली? … … … त्र्याहत्तरावी. सात तीन. पंचायतींची. त्यात विषय किती? … … … एकोणतीस. दोन नऊ. आणि नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत? … … … अठरा. एक आठ.»

त्या पाच सेकंदांत सगळं काम होतं. तेवढ्यात उत्तर मनात यायला हवं, शक्य असेल तर ओठ हलवून. गर्दीत कोणी बघत नाही, आणि बघितलं तरी लोकलमध्ये जप करणारे, पोथी वाचणारे असतातच.

रेकॉर्ड करताना शांततेच्या वेळी रेकॉर्डरचं विराम बटण दाबू नका. दाबलं तर फाइलमध्ये शांतता उरतच नाही आणि प्रश्नाला लागून उत्तर येतं. मी पहिल्या तीन फाइल अशाच वाया घालवल्या. रेकॉर्डिंग चालू ठेवून मांडीवर बोटाने पाच टिचक्या मोजायच्या आणि मग उत्तर बोलायचं. मागाहून काटछाट करायची गरज राहत नाही.

आकडे दोनदा का म्हणायचे, हे मला डोंबिवली-ठाण्याच्या दरम्यान कळलं. गाडी वेगात असताना चाकांचा आणि वाऱ्याचा आवाज जाड, खालच्या पट्टीतला असतो. त्यात मराठी संख्यांची टोकं बुडतात. त्र्याहत्तर आणि चौऱ्याहत्तर, एकोणतीस आणि एकोणचाळीस, बासष्ट आणि त्रेसष्ट, यांतला फरक एका अक्षराचा आणि नेमकं तेच ऐकू येत नाही. म्हणून संख्या बोलल्यावर लगेच तिचे अंक सुटे म्हणायचे. कलमांच्या इंग्रजी अक्षरांचंही तेच. बी, डी आणि जी गाडीत एकसारखेच वाटतात. २४३ डी म्हणायचं असेल तर «डी, डमरूतला ड» असं म्हणा. सालांनाही हाच नियम: «एकोणीसशे त्र्याण्णव, नऊ तीन».

आवाज स्वतःचाच वापरा. मजकूर वाचून दाखवणारी यांत्रिक सोय मोबाइलमध्ये असते आणि घाईत ती चालते, पण स्वतः बोलताना प्रश्न तयार करावा लागतो, आणि ते तयार करणं हीसुद्धा एक उजळणीच होते. पंखा बंद करा, मोबाइल तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित बाजूला धरा म्हणजे फुंकर माइकवर येणार नाही. नेहमीपेक्षा थोड्या वरच्या पट्टीत, शब्द तोडून बोला. पुटपुटत रेकॉर्ड केलेलं घरी छान ऐकू येतं, पण गाडीत त्यातलं काही उरत नाही.

फाइलला विषय, क्रमांक आणि प्रकरण असं नाव द्या, उदाहरणार्थ «राज्य-०३-पंचायतराज». फाइल मोबाइलमध्येच ठेवा. वाटेत नेट कुठे जाईल सांगता येत नाही, आणि आठ मिनिटांची बोललेली फाइल फार जागाही खात नाही.

कानात रबरी टोकाचे, कान नीट बंद करणारे इयरफोन घाला. बाहेरचा आवाज अडला की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे आणि आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. मी गाडीत निम्म्याच्या थोडं वर एवढाच आवाज ठेवायचो. तेवढ्यात उत्तर कळत नसेल तर त्या टप्प्यात ऑडिओ बंद. तारेचे इयरफोन गर्दीत कोणाच्या तरी बॅगेला अडकून ओढले जातात, तेव्हा तार शर्टाच्या आतून घ्या. एक कान मोकळा ठेवला तर स्टेशनची घोषणा ऐकू येते. फलाटावर, पुलावर, रस्ता ओलांडताना दोन्ही कान मोकळे. आणि दरवाजात उभे असाल तर मोबाइल खिशात, कारण सिग्नलला गाडी हळू झाली की बाहेरून हातावर फटका मारून मोबाइल पाडणारे असतात.

कार्ड: एका कार्डावर एकच गोष्ट

अँड्रॉइड फोनवर मी अँकी या फ्लॅशकार्डांच्या अॅपचं `AnkiDroid` वापरलं. ते फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं. आयफोनवरचं याचं अॅप विकत घ्यावं लागतं. ते नको असेल तर कागदी कार्ड, त्याबद्दल पुढे सांगतो. अँकीची मूळ कल्पना साधी आहे. कार्ड आठवलं तर ते पुढच्या वेळी जास्त दिवसांनी येतं, विसरलं तर लवकर.

सगळी मेहनत कार्ड लिहिण्यात आहे. माझं पहिलं कार्ड होतं: «७३व्या घटनादुरुस्तीची वैशिष्ट्ये सांगा». मागे नऊ मुद्दे. हे कार्ड कधीच बरोबर येत नाही. नऊपैकी सहा आठवले तर बरोबर म्हणायचं की चूक? एक कार्ड वाचायला मिनिट लागतं आणि तेवढ्यात कल्याण येतं. त्याचे तुकडे केल्यावर हे झालं:

```
#separator:Semicolon
७३वी घटनादुरुस्ती: अनुसूची कोणती, विषय किती?;११वी, २९ विषय
७४वी घटनादुरुस्ती: अनुसूची कोणती, विषय किती?;१२वी, १८ विषय
७३वी अमलात कधी?;२४ एप्रिल १९९३
७४वी अमलात कधी?;१ जून १९९३
महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कधीपासून?;१ मे १९६२
```

ही साधी मजकुराची फाइल आहे. पहिल्या ओळीने अँकीला कळतं की प्रश्न आणि उत्तर अर्धविरामाने वेगळे केले आहेत. म्हणून प्रश्नात किंवा उत्तरात दुसरा अर्धविराम येऊ देऊ नका, नाहीतर ओळ चुकीच्या जागी तुटते. फाइल `UTF-8` मध्ये जतन करून `Import` केली की पाचही कार्ड एकदम तयार होतात. बोटांनी एकेक कार्ड भरण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

दुसऱ्या प्रकारचं कार्ड विधानाचं. आयोगाच्या पेपरात «खालीलपैकी कोणते विधान बरोबर आहे» असे प्रश्न भरपूर येतात आणि सरळ प्रश्नोत्तराच्या कार्डाने त्यांची तयारी होत नाही. कार्डावर सगळं येतं पण पेपरात गोंधळ उडतो, अशी तक्रार असेल तर कारण बहुतेक हेच असतं. म्हणून समोर लिहायचं: «अशोक मेहता समितीने त्रिस्तरीय पंचायत राज सुचवले. बरोबर की चूक, आणि का?» मागे: «चूक. अशोक मेहता समितीने (१९७७) द्विस्तरीय सुचवले. त्रिस्तरीय ही बलवंतराय मेहता समितीची (१९५७) शिफारस.» इथला «का» महत्त्वाचा. नुसतं बरोबर-चूक विचारलं तर निम्मी उत्तरं अंदाजाने बरोबर येतात आणि अँकी समजतं की तुम्हाला येतंय. प्रत्येक पाच कार्डांत एक तरी विधानाचं ठेवा.

ही विधानं शोधायला जुन्या प्रश्नपत्रिका सर्वांत चांगल्या. परीक्षा घेणारा दोन गोष्टींची अदलाबदल कुठे करतो ते तिथे दिसतं. आपण जिथे चुकलो तिथली कार्ड तर आधी करायची. माझं १८ आणि २९ चं कार्ड त्याच रविवारी झालं.

कार्ड चालवताना एक सवय लावून घ्या. उत्तर आठवलं नाही तर `Again` दाबा. मन `Hard` कडे वळतं, कारण उत्तर बघितल्यावर «हे येत होतं की» असं वाटतं. पण `Hard` म्हणजे कष्टाने का होईना, आठवलं. विसरलेल्यावर `Hard` दाबत राहिलं की ती कार्ड न येताच पुढे सरकत राहतात. माझं महिनाभर असंच चाललं. कार्ड रोज झटपट संपायची आणि सराव पेपरातले गुण तिथेच राहायचे.

कागदी कार्ड हवी असतील तर ए-फोर कागदाचे आठ समान तुकडे करा. एका कोपऱ्यात भोक पाडून कडीत ओवा, म्हणजे गर्दीत खाली पडून विखुरणार नाहीत. तीन लिफाफे करा: रोजचा, दर तीन दिवसांचा, आठवड्याचा. आठवलं तर कार्ड पुढच्या लिफाफ्यात, विसरलं तर परत रोजच्यात. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात डब्याची अशीच पद्धत मांडली होती. रोज सकाळी त्या दिवसाची कार्ड कडीत घालून निघायचं. दोन-तीनशे कार्डांपर्यंत हे उत्तम चालतं, त्यापुढे सांभाळणं अवघड जातं.

दिवसाला किती

बहुतेकांची गाडी इथे रुळावरून घसरते, म्हणून हिशेब सावकाश बघू.

घरी शांत बसून एका कार्डाला आठ-दहा सेकंद लागतात. गाडीत धक्के, स्टेशनं, «जरा सरका» हे सगळं धरून बारा सेकंद धरा. २५ मिनिटांत सव्वाशे कार्ड होतात. काही आठवड्यांनी अँकीवर रोजच्या उजळण्या रोजच्या नव्या कार्डांच्या साधारण सात ते दहा पट होऊन स्थिरावतात. म्हणजे सव्वाशे उजळण्या झेपत असतील तर रोज नवी कार्ड बाराच्या आसपास. अँकीत आधीपासून `New cards/day` वीस असतं. तेवढं ठेवलं तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रोज दीडशे ते दोनशे उजळण्या येऊ लागतात आणि २५ मिनिटांत त्या संपत नाहीत. मी डेकच्या, म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्याच्या, सेटिंगमध्ये जाऊन बारा केलं आणि `Maximum reviews/day` १२० ठेवलं. पहिल्या आठवड्यात काम फारच कमी वाटतं. तेव्हा आकडा वाढवू नका, भार मागून येतो.

आठवड्याचे सहा दिवस धरले तर ७२ कार्ड. परीक्षेला १८ आठवडे असतील आणि शेवटचे दोन आठवडे नवी कार्ड बंद ठेवायची असतील तर १६ गुणिले ७२, म्हणजे साधारण साडेअकराशे कार्ड. संपूर्ण अभ्यासक्रमासाठी एवढीच. हा आकडा समोर आला की आपोआप निवड करावी लागते. पुस्तकातली प्रत्येक ओळ कार्ड होऊ शकत नाही. मी वाटणी अशी केली: राज्यघटना आणि पंचायत राज ३००, इतिहास २५०, भूगोल २००, अर्थव्यवस्था १५०, विज्ञान १५०, आणि उरलेली शंभर चालू घडामोडींसाठी शेवटच्या महिन्यांत.

कार्ड करण्याचा वेळही मोजा. विचार करून लिहिलेल्या एका कार्डाला दोन मिनिटं लागतात. ७२ कार्डांना जवळजवळ अडीच तास, आणि आठवड्याचे तीन ऑडिओ रेकॉर्ड करायला पाऊण तास. प्रवासातला वेळ फुकट मिळत नाही, त्याची किंमत रविवारी सकाळी भरावी लागते. दुसऱ्याची तयार कार्ड उतरवून घेतली तर हा वेळ वाचतो, पण ती आपण न वाचलेल्या पुस्तकाची असतात आणि त्यातल्या चुका आपल्याला कळत नाहीत. मी एकदा घेतली आणि पुसून टाकली.

आठवड्यात बसवायचं कसं

माझ्याकडे रात्री दीड तास टेबल होतं. तिथे नवं प्रकरण आणि गणित. गणित-बुद्धिमत्ता गाडीत होत नाही, त्याला कागद लागतो. नकाशाचा भूगोलही नाही. गाडीत फक्त वर्ग, घन आणि अपूर्णांकांची टक्केवारी (एक सप्तमांश म्हणजे १४.२८ टक्के) एवढंच ऑडिओवर चाललं.

पंचायत राजचा आठवडा असा गेला. सोमवार ते बुधवार रात्री प्रकरण वाचून झालं. वाचताना कार्डालायक ओळींसमोर पेन्सिलने टिंब. त्या तीन दिवशी सकाळी गाडीत गेल्या आठवड्याची, म्हणजे राज्य विधिमंडळाची कार्ड चालू होती. गुरुवारी रात्री सुरुवातीची वीसेक कार्ड लिहिली, म्हणजे ती शुक्रवारी सकाळपासून गाडीत येऊ लागली. रविवारी सकाळी उरलेली कार्ड आणि तीन ऑडिओ: एक समित्यांचा, एक दोन घटनादुरुस्त्यांचा, एक महाराष्ट्रातल्या कायद्यांचा. पुढच्या सोमवारपासून संध्याकाळी दादर ते डोंबिवली हेच तीन, आलटून पालटून.

कार्ड आणि ऑडिओ यांत प्रश्न तेच ठेवू नका. सकाळी कार्डावर «७३वी अमलात कधी?» असेल तर संध्याकाळी ऑडिओवर «२४ एप्रिल १९९३ ला काय झालं?» असं उलटं विचारा. नाहीतर प्रश्नाचा पहिला शब्द ऐकूनच उत्तर येतं आणि पेपरात शब्द बदलले की अडतं.

रविवारी संध्याकाळी जुन्या पेपरातले त्या विषयाचे पंचवीस प्रश्न घड्याळ लावून, पंधरा मिनिटांत. चुकलेल्यांची कार्ड. पुढच्या आठवड्यातल्या बारामधली पहिली जागा यांची.

बिघडतंय हे कळायचं कसं

ऑडिओ किती आठवडे ऐकायचा? मी एक खूण ठेवली होती. बसमधून उतरून ऑफिसपर्यंत चालताना कान मोकळे करायचे आणि नुकत्याच ऐकलेल्या ऑडिओतले तीन प्रश्न स्वतःला उलट्या क्रमाने विचारायचे. तिन्ही आले तर तो ऑडिओ महिन्यासाठी बाजूला. ओळीने येतात पण उलटे येत नाहीत, तर क्रम पाठ झालाय, प्रश्नांची अदलाबदल करून पुन्हा रेकॉर्ड करायचा. आणि ऐकताना भलताच विचार चालला होता असं लक्षात आलं तर तो दिवस ऑडिओचा नाही. ऑफिसात कटकटीचा दिवस गेला असेल तर संध्याकाळी जबरदस्ती करून काही आत जात नाही.

पावसाळ्यात गाड्या कोलमडल्या की दोन-तीन दिवस कार्ड होत नाहीत. माझी एका जुलैत ४१० कार्ड साचली. त्या आकड्याकडे बघून माणूस अॅपच उघडत नाही. अशा वेळी `New cards/day` शून्य करा आणि रोजची १२० ची मर्यादा तशीच ठेवा. रोज काही नव्याने येणारी धरूनही दहा-बारा दिवसांत साठा संपतो. मग पुन्हा बारा. साठा एका रविवारी बसून संपवायचा मोह होतो, पण शेवटची दोनशे कार्ड थकलेल्या डोळ्यांनी होतात आणि `Good` वर नुसतं बोट पडत जातं.

काही कार्ड परत परत विसरतात. आठ वेळा विसरलं की अँकी त्यावर `leech` अशी खूण करतं, आणि सेटिंग तसं असेल तर ते बाजूलाही ठेवतं. त्याला परत रांगेत ढकलू नका. बहुधा ते दुसऱ्या कशाशी तरी गल्लत करत असतं. माझं वसंतराव नाईक समितीचं कार्ड असंच अडकलं होतं, कारण तिचं साल बलवंतराय मेहता समितीशी गुंतत होतं. दोन्ही एका विधानाच्या कार्डावर आमनेसामने आणली: नाईक समिती नेमली १९६० मध्ये, राज्यनिर्मितीनंतर. मेहता १९५७, त्याआधी. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं हे कोणीच विसरत नाही, तेव्हा महाराष्ट्राची समिती त्यानंतरचीच असणार. कारण सापडलं आणि कार्ड सुटलं.

शेवटचे दोन आठवडे

नवी कार्ड शून्य. रोजच्या उजळण्या हळूहळू कमी होतात, त्या मोकळ्या झालेल्या वेळात फक्त विधानांची आणि `leech` मधून सुधारलेली कार्ड वेगळ्या डेकमध्ये घेऊन फिरवायची. ऑडिओत आकडे, सालं आणि जोड्या एवढंच. मी शेवटच्या रविवारी सोळा आठवड्यांत सर्वांत जास्त चुकलेल्या ४० प्रश्नांचे दोन ऑडिओ केले आणि आठवडाभर दुसरं काही ऐकलं नाही.

परीक्षा केंद्र तुमच्या रोजच्या मार्गावर असेलच असं नाही. माझं वाटेवरच्याच ठाण्याला आलं होतं, तरी रविवारी गाडीत कुठे बसायला मिळतं, कोणत्या मार्गावर मेगाब्लॉक आहे हे आदल्या दिवशी बघावं लागलं. सकाळी गाडीत दोनपैकी एकच ऑडिओ एकदा ऐकला, डोंबिवलीला इयरफोन काढून बॅगेत ठेवले आणि ठाणं येईपर्यंत बाहेर बघत बसलो.